इन्डेम्निटी की गॅरंटी, आणि जामीनदार नेमका कधी सुटतो : पर्याय वाचण्याचा क्रम

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधली कलम १२४ ते १४७ पाठ असलेली मुलं जामीनदाराच्या प्रश्नात हमखास एक-दोन गुण घालवतात. कलमं तोंडपाठ असतात, पण पर्याय वाचताना आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हे ठरलेलं नसतं. 'मुदतवाढ' हा शब्द दिसला की हात थेट 'जामीनदार मुक्त झाला' या पर्यायाकडे जातो. ती मुदतवाढ कोणी, कोणाशी बोलून दिली हे बघायचं राहून जातं. जेएमएफसीची पूर्वपरीक्षा असो किंवा बँकेतल्या विधी अधिकाऱ्याची, या प्रकरणावरचा पर्यायी प्रश्न इथेच अडकवतो. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १ : कच्च्या कागदावर चार गोष्टी

प्रश्न वाचून झाला की पर्यायांकडे बघण्याआधी चार नोंदी करा.

१. धनको, मुख्य ऋणको आणि जामीनदार कोण. तिघांपैकी एक जण सापडत नसेल तर तिथेच थांबा, टप्पा २ मध्ये उत्तर दडलेलं असेल.

२. जामीन कधी दिला आणि ज्या घटनेवरून प्रश्न विचारलाय ती कधी घडली. दोन तारखा, एक खाली एक.

३. घटना कोणाकोणात घडली. 'बँकेने सवलत दिली' एवढ्याने भागत नाही. बँकेने ऋणकोशी करार केला, तिसऱ्याच माणसाशी केला, की नुसती गप्प बसली?

४. जामीनदाराची संमती होती का. बहुतेक प्रश्नांत 'त्याच्या संमतीशिवाय' असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर ती चूक नव्हे, मुद्दाम काढलेला शब्द आहे असं धरा आणि प्रश्न पुन्हा वाचा.

वीस सेकंदांचं काम आहे. पुढे या चारपैकी एखादी नोंदच पर्याय कापते.

## टप्पा २ : करार कोणता, हे आधी ठरवा

दुकानात दोघे उभे आहेत. एक जण दुकानदाराला म्हणतो, "याला माल द्या, याने पैसे दिले नाहीत तर मी देईन." ही गॅरंटी, म्हणजे हमी. मूळ देणं माल घेणाऱ्याचं, आणि त्याने चुकवलं तरच दुसऱ्यावर येणारं. तोच माणूस म्हणाला, "याला माल द्या, पैशाचं मी बघतो," तर देणं पहिल्यापासून बोलणाऱ्याचं. पाठ्यपुस्तकं हे वाक्य इन्डेम्निटीच्या, म्हणजे क्षतिपूर्तीच्या, बाजूला मांडतात. बर्कमायर विरुद्ध डार्नेल या १७०४ च्या इंग्रजी निवाड्यातला हा फरक परीक्षेत अजून वेगवेगळ्या वेषांत येतो. वाक्यात 'त्याने दिले नाहीत तर' ही अट आहे का, एवढंच शोधा.

हमीत माणसं तीन आणि करारही तीन असतात : ऋणको-धनको, धनको-जामीनदार, आणि जामीनदार-ऋणको. हा तिसरा करार लिहिलेला नसला तरी कलम १४५ तो गृहीत धरतं. जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम ऋणकोने त्याला परत द्यायची. इन्डेम्निटीत माणसं दोन आणि करार एक. हमी तोंडीसुद्धा चालते, हे कलम १२६ मध्येच आहे, तरी 'हमी लेखी असणं बंधनकारक आहे' हा पर्याय पुन्हा पुन्हा दिला जातो आणि पुन्हा पुन्हा खपतो.

इथला दुसरा सापळा कलम १२४ च्या शब्दांत आहे. वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या वर्तनामुळे होणाऱ्या नुकसानीपासून वाचवण्याचं वचन, एवढीच त्याची व्याख्या. आग, पूर, वादळ यांमुळे झालेली हानी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून 'कलम १२४ नुसार' असे शब्द असलेल्या प्रश्नात आगीच्या विम्याचा पर्याय दिसला तर तो खोडा. 'सर्वसाधारण अर्थाने' असं विचारलं असेल तर मात्र आगीचा विमा क्षतिपूर्तीच्या करारात धरतात. आयुर्विमा दोन्हीत बसत नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत नुकसान म्हणून मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. इन्डेम्निटी मिळालेल्या माणसाला पैसे आधी खिशातून भरावेच लागतात का? कलम १२५ वरवर वाचलं तर तसं वाटतं. पण गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या १९४२ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी वेगळं सांगितलं. वादीवर गहाणाच्या देण्याची जबाबदारी पक्की झाली होती, रक्कम मात्र त्याने अजून भरली नव्हती. तरीही त्या जबाबदारीतून आपल्याला सोडवा, असं तो प्रतिवादीला म्हणू शकतो, असा निकाल झाला. 'प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय दावाच करता येत नाही' हा पर्याय या निकालामुळे पडतो.

तपासा : प्रश्नात तीन माणसं आहेत म्हणजे हमीच, असं नाही. माझ्यावर तिसऱ्याने दावा लावला तर त्याचा खर्च तू सोसशील, या वचनातही तिसरा माणूस येतो, पण तो करारात नसतो. करार दोघांचाच, म्हणून इन्डेम्निटी.

## टप्पा ३ : हमी एकवेळची की चालू

हमी एकाच व्यवहारासाठी असेल आणि तो व्यवहार पार पडला असेल, तर जामीनदाराला नोटीस देऊन अंग काढून घेता येत नाही. व्यवहारांच्या मालिकेला दिलेली चालू हमी कलम १३० खाली धनकोला नोटीस देऊन रद्द करता येते, पण फक्त पुढच्या व्यवहारांपुरती. कायद्यातल्या दाखल्यात एकाने बारा महिन्यांसाठी ५,००० रुपयांपर्यंतच्या हुंड्यांची हमी दिली. दोन हजारांच्या वटवल्या गेल्या आणि तीन महिन्यांनी त्याने हमी मागे घेतली. तो दोन हजारांना बांधलेलाच राहतो, पुढच्या हुंड्यांतून सुटतो.

जामीनदार वारला तर कलम १३१. विरुद्ध करार नसेल तर पुढच्या व्यवहारांपुरती हमी संपते, आणि त्यासाठी धनकोला नोटीस द्यावी लागते असं कलम कुठेच म्हणत नाही. 'नोटीस दिल्यावरच संपते' हा पर्याय कलम १३० आणि १३१ यांची सरमिसळ करून बनवलेला असतो.

सावध : बँकेच्या छापील हमीपत्रात 'ही हमी रद्द करता येणार नाही' असं कलम असेल आणि प्रश्नात ते आलं असेल, तर १३० चा हक्क करारानेच सोडून दिलेला आहे. सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी हमी मागे घेणं मान्य केलं नाही. प्रश्नात त्या कलमाचा उल्लेख नसेल तर ते गृहीत धरू नका.

## टप्पा ४ : घटना कोणाकोणात घडली

बहुतेक गुण इथेच जातात, म्हणून जरा सावकाश. कागदावरची तिसरी नोंद समोर ठेवा.

धनको आणि ऋणको यांच्यात करार झाला. त्यांनी मूळ कराराच्या अटी बदलल्या असतील तर कलम १३३, ऋणकोला कराराने मोकळं केलं असेल तर १३४, आणि तडजोड केली, मुदत देण्याचं किंवा दावा न लावण्याचं वचन दिलं तर १३५. तिन्हींत जामीनदार सुटतो, पण १३३ चे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. तो बदलानंतरच्या व्यवहारांपुरता सुटतो. दाखला बँकेच्या व्यवस्थापकाचा आहे. त्याच्या वर्तनाची हमी कोणी तरी दिलेली. नंतर बँकेने आणि व्यवस्थापकाने परस्पर ठरवलं की त्याचा पगार वाढवायचा आणि ओव्हरड्राफ्टमुळे होणाऱ्या तोट्याचा चौथा हिस्सा त्याने सोसायचा. पुढे एका खातेदाराने जास्त पैसे उचलले, बँकेचे पैसे बुडाले. त्या तोट्याला जामीनदार जबाबदार नाही. तोच तोटा बदलाच्या आधी झाला असता तर जबाबदार असता. म्हणून तारखा लिहायच्या.

बदल जामीनदाराच्या भल्याचा दिसला म्हणून १३३ लागू होत नाही, असं समजू नका. दुसऱ्या दाखल्यात १ मार्चला द्यायचे ५,००० रुपये धनकोने १ जानेवारीलाच देऊन टाकले, आणि जामीनदार सुटला. लवकर कर्ज दिल्याने काय बिघडलं, असं वाटेल. पण पैसे लवकर गेले म्हणजे धनकोला ऋणकोवर १ मार्चच्या आधीच दावा लावता येतो, आणि जामीनदाराने घेतलेली जबाबदारी ही नव्हती.

धनको आणि तिसरा माणूस यांच्यात करार झाला. ऋणकोच्या वडिलांनी किंवा भागीदाराने बँकेशी ठरवून मुदत मिळवली, तर कलम १३६. जामीनदार सुटत नाही. १३५ आणि १३६ मधला फरक एवढाच की करार कोणाशी झाला. पर्याय काढणारे हेच नाव गुपचूप बदलतात.

करारच झाला नाही, धनको नुसता गप्प बसला. कलम १३७. दावा लावायला वर्षभर उशीर केला तरी जामीनदार बांधलेलाच. थोडा कठीण प्रश्न असा येतो : धनको इतका थांबला की ऋणकोवरचा दावा मुदतबाह्य झाला, आता काय? कलम १३४ च्या उत्तरार्धात धनकोच्या कृतीने किंवा चुकीने ऋणको मोकळा झाला तर जामीनदारही सुटतो असं आहे, म्हणून मुलं सरळ १३४ लावतात. प्रिव्ही कौन्सिलने महंत सिंग विरुद्ध यू बा यी (१९३९) मध्ये याच्या उलट सांगितलं. मुदत संपल्याने कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होतो, कर्ज मरत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ऋणको 'मोकळा' झालेलाच नाही, आणि जामीनदार राहतो.

धनकोच्या कृतीने सुटल्याचं खरं उदाहरण दाखल्यांत आहे. शेतकऱ्याने नीळ पिकवून ठरल्या दराने द्यायची, त्याची हमी तिसऱ्याने दिली. मग खरेदीदारानेच शेताला पाणी पोचवणारा ओढा वळवला आणि नीळ होऊ दिली नाही. जामीनदार सुटला. इथे धनकोनेच ऋणकोला काम करू दिलं नाही, हे लक्षात घ्या.

एका जामीनदाराला सोडलं. कलम १३८. बाकीचे सुटत नाहीत, आणि सुटलेलाही इतर जामीनदारांना द्यायच्या हिश्श्यातून सुटत नाही. 'उरलेला जामीनदार निम्म्या रकमेला जबाबदार' हा पर्याय दोन्हीकडून चुकीचा आहे. तो धनकोला पूर्ण रकमेला जबाबदार, आणि भरल्यावर सुटलेल्याकडून हिस्सा मागू शकतो.

तपासा : 'आधी ऋणकोवर दावा लावायला हवा होता' असं म्हणणारा पर्याय दिसला तर खोडा. कलम १२८ खाली जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद (१९६९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की धनकोला आधी ऋणकोकडे वसुली संपवण्याची गरज नाही. हमीपत्रातच तसं ठरवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

दिवाळखोरी संहितेवरचा प्रश्नही आता येतो. कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली म्हणून तिच्या संचालकाने दिलेली वैयक्तिक हमी आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ललित कुमार जैन (२०२१) मध्ये ठरवलं. तिथे ऋणको कायद्याच्या प्रक्रियेने सुटतो, धनकोच्या करारामुळे नव्हे, म्हणून १३४ लागत नाही.

## टप्पा ५ : पूर्ण सुटला की तेवढ्यापुरता

कलम १३९ आणि १४१ शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत धनकोची चूक असते, पण परिणाम वेगळा.

१३९ मध्ये धनकोने जामीनदाराच्या हक्काशी विसंगत काही केलं किंवा करायला हवं ते केलं नाही, आणि त्यामुळे जामीनदाराचा ऋणकोविरुद्धचा पुढचा उपाय दुबळा झाला, तर जामीनदार सुटतो. जहाजबांधणीचा दाखला आहे. कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते द्यायचे होते, मालकाने जामीनदाराला न सांगता शेवटचे दोन हप्ते आगाऊ देऊन टाकले, आणि जामीनदार सुटला. हप्ते हातात असते तर त्यांच्या ओढीने बांधणाऱ्याने काम संपवलं असतं.

१४१ तारणाबद्दल आहे. धनकोने तारण गमावलं किंवा संमतीशिवाय सोडलं, तर जामीनदार त्या तारणाच्या किमतीइतकाच सुटतो. अमृतलाल गोवर्धन ललन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर (१९६८) मध्ये बँकेकडे तारण असलेल्या मालात ३५,६९० रुपयांची तूट निघाली. सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला तेवढ्यापुरतं मोकळं केलं. तूट भरून काढायला बँकेने ऋणकोला वेळ दिला, म्हणून १३५ खाली पूर्ण मुक्ती हवी, हे म्हणणं मात्र मान्य झालं नाही. कर्जफेडीची मुदत त्याने वाढली नव्हती.

सावध : १४१ फक्त जामीन देताना धनकोकडे असलेल्या तारणाला लागतं. नंतर घेतलेलं तारण धनकोने परत केलं तर त्याची वजावट नाही. कायद्याचा तिसरा दाखला नेमकं हेच सांगतो. टप्पा १ मधल्या दोन तारखा इथे पुन्हा लागतात. जामीनदाराला त्या तारणाची माहिती होती की नाही, याने मात्र फरक पडत नाही.

## टप्पा ६ : एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून

बँकेने १० जानेवारी २०२३ ला एका दुकानदाराला ६ लाखांचं कर्ज दिलं. त्याच दिवशी मेहुण्याने जामीनपत्रावर सही केली आणि दुकानदाराने सोनं गहाण ठेवलं. मार्च २०२३ मध्ये बँकेने त्याच कर्जासाठी आणखी ८० हजारांची ठेवपावती घेतली. जून २०२४ पासून हप्ते थकले, बँकेने दहा महिने काही केलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकेने दुकानदाराच्या वडिलांशी लेखी करार केला की तीन महिने दावा लावणार नाही. मे मध्ये ठेवपावती आणि जूनमध्ये दीड लाखाचं सोनं दुकानदाराला परत दिलं. मेहुण्याला यातलं काहीही सांगितलं नाही. व्याजासह बाकी ४ लाख आहे. मेहुणा किती रकमेला जबाबदार?

पर्याय : अ) काहीच नाही, तो पूर्ण मुक्त. ब) ४ लाख. क) २ लाख ५० हजार. ड) १ लाख ७० हजार.

क्रमाने चला. हमी आहे, एकवेळची आहे, म्हणून टप्पा २ आणि ३ लगेच संपतात. दहा महिन्यांचं गप्प बसणं १३७ मध्ये जातं, परिणाम शून्य. एप्रिलचा करार वाचताना 'दावा लावणार नाही' हे शब्द १३५ ची आठवण करून देतात आणि पर्याय अ ओढून घेतो. पण करार वडिलांशी झाला, वडील ऋणको नाहीत. १३६, परिणाम शून्य. ठेवपावती जामीन दिल्यानंतर आली, म्हणून तिची वजावट नाही, आणि पर्याय ड इथे गळतो. सोनं जामिनाच्याच दिवशी गहाण होतं आणि मेहुण्याच्या संमतीशिवाय सोडलं. १४१ खाली दीड लाख वजा. उत्तर क, म्हणजे २ लाख ५० हजार.

हाच प्रश्न फिरवून येतो. एप्रिलचा करार वडिलांऐवजी दुकानदाराशी झाला असता तर १३५ लागू होऊन मेहुणा तिथेच पूर्ण सुटला असता, आणि पुढचं सोनं-ठेवपावतीचं गणित निरर्थक झालं असतं. दुकानदाराशीच करार झाला, पण कराराखाली मेहुण्यानेही सही केली, तर १३५ त्याला सोडवत नाही. मग सोन्यापर्यंत यावं लागतं, आणि ते त्याला न विचारता परत दिलेलं असल्याने उत्तर पुन्हा २ लाख ५० हजार. मेहुण्याने सोनं परत करण्यालाही होकार दिला असता, तर तो पूर्ण ४ लाखांना बांधलेला राहिला असता.